सणाचा मिठाई हॅम्पर: डबा कसा करायचा अन् तो कुठल्या क्रमाने उघडला पाहिजे, नेहमीचे प्रश्न

दिवाळी जवळ आली की लातूर, नांदेड, बीडकडचे मिठाईवाले तेच ते प्रश्न विचारायलेत, म्हणून सगळं एकदाच इथं लिहून ठेवतो. बोलायला सोपं जावं म्हणून एकच हॅम्पर धरून चालू, साधारण तसाच जो लातूरकडच्या एका मिठाईवाल्यासाठी केला होता. त्यात पाव किलो खव्याचे पेढे, पाव किलो काजूकतली, सहा बेसनाचे लाडू, 200 ग्रॅम पातळ पोह्यांचा चिवडा, आणि एक छोटं पत्र. सगळं मिळून खायचा माल किलोला थोडा कमी.

सुरुवात कुठून करायची? आधी रंग-डिझाईन ठरवायचं का?

नाही. आधी हे ठरवा की आतला कुठला पदार्थ सगळ्यात आधी खराब होणार आहे. खव्याचा पेढा चार दिवसांचा पाहुणा, काजूकतली आठवडाभर चांगली राहते, बेसनाचा लाडू अन् चिवडा नीट बंद असेल तर कित्येक आठवडे टिकतो. आता विचार करा, डबा उघडल्यावर वर चिवडा दिसला आणि पेढे तळाला असतील तर काय होईल? दिवाळीत घरात फराळ असतोच, लोक वरचं बघतात, झाकण लावून ठेवतात, अन् पेढ्यापर्यंत हात जातो तेव्हा त्याला आंबट वास सुटलेला असतो. मग नाव दुकानाचं खराब होतं, डब्याचं नाही.

म्हणून माझ्या मते उघडायचा क्रम म्हणजे खायचा क्रम. जे आधी संपायला पाहिजे ते आधी हाताला लागलं पाहिजे. बाकी फीत, फॉईल, चित्र सगळं त्याच्या नंतर. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे निर्णय आपोआप होतात.

मग आपल्या उदाहरणात उघडायचा क्रम कसा आहे?

असा बघा. सगळ्यात बाहेर कागदी स्लीव्ह, म्हणजे डब्याभोवतीची छापील पट्टी, आणि तिच्या कडेला एक कागदी सील. सील फाडलं, स्लीव्ह सरकवली, झाकण उचललं. झाकणाखाली एक पातळ कागद, त्यावर दोन ओळी, "आधी पेढे घ्या, देवापुढं ठेवा, चार दिवसांत संपवा." कागद उचलला की शेजारी-शेजारी दोन छोटे डबे, डाव्या हाताला पेढे, उजव्या हाताला काजूकतली. हे दोन्ही एका ट्रेमध्ये बसलेले, ट्रेच्या दोन बाजूंना कापडी फीत. फीत धरून ट्रे वर उचलला की खाली लाडू आणि चिवडा.

मोजलं तर हाताची कामं पाच होतात: सील, स्लीव्ह, झाकण, कागद, ट्रे. याच्यावर सहावं-सातवं काम घालू नका. घरात चार पोरं डब्याभोवती उभी असतात, त्यांना एवढा धीर नसतो, मग ते आतलं पॅकिंग फाडतात आणि डबा परत बंद होत नाही. आणि प्रत्येक कामानंतर काहीतरी नवीन दिसलं पाहिजे, नुसता कागदाखाली कागद असेल तर तो थर काढून टाका.

पेढ्याचा डबा वेगळा कशाला? एकाच ट्रेमध्ये खण पाडले तर चालत नाही का?

चालतं, स्वस्तही पडतं, पण आपल्याकडं घरात मिठाई आली की आधी काय होतं ते बघा. घरातली आजी किंवा आई म्हणते आधी देवाला दाखव. मग अख्खा किलो-सव्वा किलोचा डबा देवघरात न्यायचा का? देवघराची जागा वीतभर असते. त्यात सगळ्या पदार्थांना हात लागला की काही घरांत त्याला उष्टं-सोवळं बघतात. पेढ्याचा छोटा डबा आपल्या झाकणासकट सुटा उचलता आला तर तोच सरळ देवापुढं जातो, बाकीचा डबा दिवाणावर उघडाच राहतो, लोक बघत बसतात.

दुसरं असं की खव्याचा पदार्थ फ्रीजमध्ये ठेवायची सवय लागलीय लोकांना. छोटा डबा फ्रीजच्या कप्प्यात मावतो, मोठा मावत नाही. तिसरं, शेजारी द्यायचं असेल तर लाडवाचे दोन काढून देता येतात, पेढ्याला धक्का न लावता. ही तिन्ही कारणं मी गिऱ्हाईकाच्या घरी बसून बघितलेली आहेत, म्हणून यावर मी अडून बसतो, मालकाला वेगळ्या डब्याचा खर्च नको वाटला तरी.

मापं कशी काढायची? प्रिंटरने त्याच्याकडचा तयार डाय, म्हणजे डबा कापायचा साचा, दाखवलाय.

तयार डायमध्ये मिठाई बसवू नका, मिठाईवरून डाय काढा. आधी कारागिराकडून रोजच्या हाताचा माल घ्या, खास निवडून केलेला नको, आणि पट्टी लावून मोजा. आपला पेढा साधारण 20 ग्रॅमचा, रुंदी 38 मिमी, उंची 18 मिमी. हाताने वळलेला असल्यामुळं एखादा 41 पण निघतो, म्हणून खण 42 मिमी धरला. तीन बाय चार असे बारा पेढे बसवले की 126 बाय 168, त्यात बाजूच्या भिंती अन् थोडी मोकळीक धरून छोटा डबा 133 बाय 176 झाला. वजन 240 च्या आसपास येतं, तेव्हा लेबलवर 250 लिहायचं असेल तर कारागिराला पेढा 21 ग्रॅमचा वळायला सांगा, लेबल बदलण्यापेक्षा ते सोपं.

उंचीवर मात्र लक्ष द्या, सगळी गडबड तिथंच होते. पेढा 18 चा असेल तर आतली उंची 22 च्या वर नको. वर तीन-चार मिमीपेक्षा जास्त मोकळी जागा राहिली की गाडीत डबा हलतो, पेढे खणातून वर उडतात आणि एकमेकांवर चढून बसतात. काजूकतलीचा डबाही मुद्दाम त्याच मापाचा ठेवला, म्हणजे एकाच डायमध्ये दोन्ही निघतात. पण कतली पातळ असते, दोन थर लावले तरी 14 मिमीच होतात, मग तिच्याखाली कोरुगेटेड पुठ्ठ्याचा उंचवटा दिला अन् त्यावर बटर पेपर. कतलीच्या खालच्या थराला वर्ख लावू नका, मधल्या कागदाला चिकटून निघतो आणि वरचा थर उचलला की खालची कतली खरचटल्यासारखी दिसते.

खालच्या मजल्यावर लाडवाचे सहा खण, 98 बाय 176 चा भाग, आणि उरलेल्या 168 मिमीमध्ये चिवड्याचं पाकीट. 200 ग्रॅम चिवडा वजनाला हलका पण जागा लई खातो, सव्वा लिटरच्या आसपास, हे लोक विसरतात आणि मग पाकीट कोंबतात, चिवड्याचा भुगा होतो. खालच्या मजल्याची उंची 54 ठेवली.

आता ट्रे कशावर टेकणार? लाडवावर टेकवू नका. वर अर्धा किलो मिठाई असते, लाडू बसतो. डब्याच्या आतून चारही भिंतींना 54 मिमी उंचीची 2 मिमीच्या कप्पा बोर्डाची, म्हणजे जाड कडक पुठ्ठ्याची, पट्टी चिकटवली, ट्रे त्या पट्टीच्या कडेवर टेकतो. सगळं मिळून डबा आतून 272 बाय 182 बाय 84 मिमीचा झाला.

फीत ओढली की ट्रेचा कागद फाटतो, काय करावं?

फीत वरच्या कागदाला चिकटवलेली असणार. ट्रेच्या तळाच्या बोर्डाला दोन बाजूंना चीर पाडा, फीत त्यातून खाली न्या आणि खालून आडवी पूर्ण रुंदीभर घालून दुसऱ्या बाजूने वर काढा. म्हणजे वजन बोर्डावर येतं, गोंदावर नाही. फितीचं टोक वर बोटात धरण्याइतकं दिसलं पाहिजे, दीड-दोन इंच तरी, नाहीतर लोकांना कळतच नाही की खाली अजून एक मजला आहे.

पेढा अन् चिवडा एकाच डब्यात चालतो का?

चालतो, पण चिवडा पूर्ण हवाबंद पाकिटात, तोंड नीट सील केलेला. दोन कारणं आहेत. पेढ्यात ओल असते, चिवडा कोरडा असतो, बंद डब्यात ती ओल हवेतून चिवड्याकडं जाते, दोन दिवसांत चिवडा मऊ आणि पेढा वरून कोरडा-चिरलेला. दुसरं म्हणजे वास. खवा वास लगेच धरतो. आपल्याकडच्या चिवड्यात लसूण, हिंग, कढीपत्ता सगळं असतं, मग पेढ्याला लसणाचा वास आला तर लोकांना वाटतं पेढा शिळा आहे. नुसतं बटर पेपरमध्ये गुंडाळून किंवा ट्रान्सपरंट डबीत घालून हे थांबत नाही, डबीच्या झाकणातून वास जातोच.

डबा कुठल्या प्रकारचा घ्यावा? सगळे मॅग्नेटवाला मागतात.

मॅग्नेटवाल्याचा पहिला आवाज छान येतो, मान्य आहे. पण त्याचं झाकण एका बाजूने जोडलेलं असतं, त्या घडीवर कागद वारंवार दुमडतो आणि स्वस्त कामात पंधरा-वीस वेळा उघडल्यावर तिथं पांढरी रेघ पडते. मिठाईचा डबा चार दिवसांत पंधरा-वीस वेळा सहज उघडला जातो. शिवाय पुढचा फ्लॅप आडवा येतो म्हणून ताटात ठेवून सगळ्यांपुढं फिरवायला अवघड जातो.

मला टोपीचा डबा बरा वाटतो, तळ वेगळा, झाकण वेगळं. झाकण काढून बाजूला ठेवलं की चारही बाजूंनी हात जातो. किलोभर मालाला 2 मिमीचा कप्पा बोर्ड पुरतो, त्यावर छापील कागद चढवलेला. आतले छोटे डबे मात्र पातळ फूड ग्रेड बोर्डाचे, घडी घालून चपटे येणारे, साधारण 300 ते 350 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला एवढे ग्रॅम.

एक गोष्ट आधीच सांगतो, कप्प्याचे डबे तयार होऊनच येतात, चपटे होत नाहीत. आपल्या मापाचे हजार डबे म्हणजे पाच-सहा घनमीटर जागा, एक छोटी खोली छतापर्यंत भरते. दुकानाच्या माळ्यावर मावतील असं समजून ऑर्डर देऊ नका. जागा नसेल तर घडीचा कप्पा डबा मिळतो, त्याच्या भिंती दुमडून चपट्या होतात, पण तो उभा करायला माणूस लागतो आणि कोपरे तेवढे टोकदार येत नाहीत.

झाकण किती घट्ट पाहिजे?

तळाच्या बाहेरच्या मापापेक्षा झाकण आतून 2 ते 3 मिमी मोठं, दोन्ही बाजू मिळून. माप कागद चढवल्यानंतरचं धरायचं, नुसत्या बोर्डाचं नाही, नाहीतर कागद अन् गोंदाची जाडी मोकळीक खाऊन टाकते.

झाकण पूर्ण उंचीचं केलं आणि घट्ट ठेवलं की आत हवा लवकर शिरत नाही, झाकण वर येताना तळही बरोबर येतो. मोबाईलच्या डब्यात ते आवडतं लोकांना, पण इथं खाली सव्वा किलोचा ऐवज आहे, अर्ध्यात सुटला तर आपटतो. म्हणून झाकण 40 मिमी उंचीचंच ठेवा आणि समोरासमोरच्या दोन बाजूंना अंगठ्याएवढी अर्धगोल खाच द्या. तपासायचं कसं, तर भरलेला डबा झाकण धरून उचला. तळ तीन-चार सेकंदांत स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकला पाहिजे. धाडकन पडला तर सैल आहे, अडकून राहिला तर घट्ट.

डबे आले तेव्हा सरळ होते, आता झाकणं वाकलीत. प्रिंटर म्हणतो हवामानामुळं.

हवामान आहेच, पण ते एकटं नाही. बोर्डाच्या फक्त बाहेरच्या बाजूने कागद चिकटवला की गोंद वाळताना कागद आकसतो आणि बोर्डाला आपल्या बाजूला ओढतो. श्रावण-भाद्रपदात ओल्या हवेत चिकटवलेला डबा दसऱ्यानंतर आपल्याकडच्या कोरड्या हवेत आला की हा ताण अजून वाढतो. उपाय म्हणजे आतूनही कागद लावून घ्यायचा, दोन्ही बाजूंचा ताण सारखा होतो, आणि आतली बाजू दिसायलाही बरी लागते. ऑर्डर देताना हे तोंडी नाही, बिलावर लिहून घ्या.

डबे उतरवून घेताना दहा-वीस झाकणं उलटी करून काचेच्या काउंटरवर ठेवा, एका कोपऱ्याला बोट लावा. डुगडुगलं तर वाकलंय. आणि तयार डबे घट्ट प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नका, गोंदाची ओल आत राहिली तर बुरशी धरते.

तुपाचे डाग बाहेर येतात. लॅमिनेशन केलं तरी?

लॅमिनेशन बाहेरून केलेलं असतं, तूप आतून येतं. बेसनाचा लाडू ऑक्टोबरच्या उन्हात दुकानात ठेवला की तूप सुटतं, कागदी वाटीतून खाली जातं आणि बोर्डाच्या चिरलेल्या कडेतून आत शिरतं, कडा नेहमी कच्ची असते. लाडवाच्या खणाखाली फूड ग्रेड बटर पेपरचा एक सलग तुकडा घाला, त्याच्या कडा बोटभर वर वळवलेल्या, म्हणजे तूप तिथंच थांबतं.

ऑर्डरच्या आधी तपासून बघा. प्रिंटरकडून तोच बोर्ड मागवा, त्यावर तोच कागद, त्यावर लाडू, वर थोडं वजन, आणि एक रात्र उबदार जागी ठेवा, भट्टीच्या खोलीच्या बाहेर चालतं. सकाळी बोर्ड उलटा करून उजेडापुढं धरा, पारदर्शक ठिपका दिसला की कागद बदला.

वासाची परीक्षा पण करा. छापील बोर्डाचे तुकडे आणि एक पेढा स्टीलच्या डब्यात बंद करून रात्रभर ठेवा, दुसरा पेढा वेगळ्या स्टीलच्या डब्यात बोर्डाशिवाय. सकाळी घरातल्या अशा माणसाला दोन्ही चाखायला द्या ज्याला काही माहिती नाही. शाईचा किंवा गोंदाचा वास पेढ्यात आला असेल तर तो लगेच सांगतो. नवीन छापून आलेले डबे आठ-दहा दिवस मोकळ्या हवेत राहिले की वास बराच कमी होतो, हेही एक कारण आहे डबे लवकर मागवायचं. आणि छापील बाजू मिठाईला थेट लागता कामा नये, वर्तमानपत्र तर अजिबात नको, अन्न पॅकिंगच्या नियमात त्याला बंदीच आहे.

वरून पातळ प्लास्टिक गुंडाळलं तर डबा चकाकतो, ते चालेल का?

नाही. मिठाईच्या डब्याभोवती गुंडाळायची प्लास्टिक फिल्म 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहे, सिंगल यूज प्लास्टिकच्या यादीत ती नावानिशी आहे. सजावटीचा थर्माकोलही त्याच यादीत. अजून बरेच जण लावतात पण तपासणी सणालाच होते.

फिल्मचं खरं काम हे होतं की गिऱ्हाईकाला खात्री पटावी, डबा कुणी उघडला नाही. ते काम कागदी सील करतं. सील स्लीव्हच्या कडेवर अर्धं, डब्यावर अर्धं असं लावा आणि मध्ये छिद्रांची रेघ पाडून घ्या म्हणजे ओढलं की सरळ तिथंच फाटतं. सरळ चिकट स्टिकर लावला तर तो निघताना डब्याचा छापील कागद सोलून काढतो, पहिल्याच क्षणाला डबा खराब दिसतो.

लेबल कुठं लावायचं? सुंदर डब्यावर लेबल बरं दिसत नाही.

तळाला लावा, पण लावा, हिरवा शाकाहारी ठिपका तेवढा समोर, पदार्थाच्या नावाजवळ. एफएसएसएआयचा 14 अंकी लायसन्स नंबर, घटक, बनवल्याची आणि संपवायची तारीख, निव्वळ वजन, एमआरपी, पत्ता, तक्रारीचा नंबर. निव्वळ वजन म्हणजे फक्त मिठाईचं, डब्याचं एक ग्रॅमही त्यात नको. आपला डबाच सगळा मिळून पाव किलोच्या वर भरतो, तेव्हा हे किती मोठं प्रकरण आहे ते लक्षात घ्या, वजनमापवाले दिवाळीत नेमकं हेच बघतात.

आतल्या प्रत्येक छोट्या डब्यावर तारीख वेगळी टाका. पेढ्याचा डबा फ्रीजमध्ये गेला, चिवडा कपाटात गेला, मोठा डबा तिसरीकडं, मग तळाच्या लेबलचा काय उपयोग. पेढ्याची तारीख तर डब्याच्या झाकणावरच, मोठ्या अक्षरात.

डब्यावर लक्ष्मीचं किंवा गणपतीचं चित्र छापावं का? दिवाळीच आहे म्हणून.

माझं मत नको असंच. डबा शेवटी कचऱ्यात जातो किंवा पायाखाली येतो, आणि देवाचं चित्र असलेला डबा टाकताना घरातल्या बाईला अपराधी वाटतं. तो टाकवतही नाही, वापरवतही नाही. त्यापेक्षा आपल्या मातीतलं घ्या की, पैठणीच्या काठावरचा मोर, मुनिया, नारळी काठ, किंवा हिमरूची वेलबुट्टी. पैठण आपलं, हिमरू आपल्या संभाजीनगरचा, दुसरीकडच्यांनी वापरायच्या आधी आपण वापरायला पाहिजे. फक्त सगळ्या डब्यावर पसरू नका. काठ जसा साडीच्या कडेला असतो तसा झाकणाच्या 40 मिमीच्या कडेवर फिरवा, वरची बाजू एका रंगाची साधी ठेवा. कडेवर छापताना चारही कोपऱ्यांवर नक्षी जुळली पाहिजे, म्हणून नक्षीचा एक तुकडा किती मिमीचा येतो ते झाकणाच्या लांबी-रुंदीला पूर्ण भागेल असं बघूनच डिझायनरला माप द्या, नाहीतर कोपऱ्यावर अर्धा मोर येतो.

कंपन्या म्हणतात आमचा लोगो मोठा पाहिजे.

लोगो स्लीव्हवर टाका, डब्यावर नको. त्याचे दोन फायदे. डबा एकच राहतो, महालक्ष्म्यांना एक स्लीव्ह, दसऱ्याला दुसरी, दिवाळीला तिसरी, कंपनीच्या ऑर्डरला चौथी, आणि उरलेले डबे वाया जात नाहीत, येळवशीला शेतात न्यायच्या डब्यालाही उपयोगी पडतात. दुसरा फायदा गिऱ्हाईकाचा, स्लीव्ह काढली की डबा कुणाचाही होतो, मग तो घरात बांगड्या, दोरे-सुया, कागदपत्रं ठेवायला राहतो. झाकणाच्या आतल्या बाजूला दुकानाचं नाव बारीक छापा, तेवढं वर्षभर दिसत राहतं.

एसटी पार्सलने किंवा कुरिअरने पाठवायचाय, टिकेल का?

एकटा टिकणार नाही. प्रत्येक डब्याला तीन प्लायचा, म्हणजे तीन थरांचा, कोरुगेटेड खोका, आणि सहा-आठ डबे एकत्र असतील तर पाच प्लायचा मोठा खोका. पाठवायच्या आधी एक भरलेला डबा खोक्यात घालून कमरेच्या उंचीवरून टाका, एकदा सपाट, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर. मग उघडून बघा. पेढे खणातून निघाले असतील तर वरची मोकळी जागा जास्त आहे, लाडू फुटला असेल तर खणाच्या तळाला मऊ कागद कमी आहे, कोपरा चेपला असेल तर बाहेरचा खोका सैल आहे. नुसतं "तुटलं" म्हणून जाड बोर्ड मागवू नका, कुठं तुटलं त्यावरून कारण कळतं.

खव्याचे पेढे असलेला हॅम्पर मात्र लांब पाठवूच नका, दोन दिवस गाडीत गेले तर खायला उरले किती? बाहेरगावच्या ऑर्डरला पेढ्याच्या जागी त्याच 133 बाय 176 च्या डब्यात ड्रायफ्रूटचा पदार्थ घाला आणि वरच्या कागदावरची ओळ बदला. डबा तोच.

क्रम जमलाय की नाही हे छापायच्या आधी कसं कळणार?

प्रिंटरकडून पांढरी डमी करून घ्या, छपाई नसलेली, पण त्याच बोर्डाची. खरी मिठाई भरा. घरी न्या आणि अशा कुणाला द्या ज्याने हा डबा बघितलेला नाही, शक्यतो साठीच्या पुढची मावशी आणि एक दहा-बारा वर्षांचं पोरगं. काही बोलू नका, फक्त हाताकडं बघा.

हात कुठं थांबतो ते महत्त्वाचं. आपल्या उदाहरणात पहिल्या डमीत फीत पांढरी होती, ट्रेही पांढरा, मावशींनी वरचे दोन डबे काढले, रिकाम्या ट्रेकडं बघितलं आणि झाकण लावून टाकलं. खालचा मजला आहे हे त्यांना समजलंच नाही. मग फीत गर्द लाल केली आणि ट्रेच्या तळावर "खाली लाडू-चिवडा आहे" अशी ओळ घातली, पुढच्या वेळी कुणाला सांगावं लागलं नाही. पोराने स्लीव्ह चुकीच्या बाजूने ओढली होती, म्हणून स्लीव्हच्या एका टोकाला बाण नाही पण खाच दिली, बोट तिथंच जातं.

त्यानंतर त्यांना डबा परत बंद करायला सांगा. बंद करताना अडचण आली तर तो डबा दुसऱ्या दिवसापासून उघडाच पडणार.

ऑर्डर कधी द्यायची?

श्रावणात. डमी, दुरुस्ती, रंगाचा नमुना, छपाई, फॉईल, चिकटवणं, वाळवणं, आणि मग आठ-दहा दिवस वास जायला. गणपती-महालक्ष्म्यांत कारागीर गावाकडं जातात, त्यानंतर सगळ्यांची दिवाळीची गर्दी. छपाई पुणे, शिवकाशी कुठंही करा, लातूर-नांदेडवाल्यांना हैदराबादही लांब नाही, पण कोरुगेटेड खोके जवळूनच घ्या, संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्याकडं मिळतात, हलका आणि जागा खाणारा माल लांबून आणला की भाडंच जास्त होतं.

बजेट कमी आहे, काय कापू?

फॉईल कापा, मॅग्नेट कापा, स्पॉट यूव्ही म्हणजे ठराविक जागचा चकाकता थर कापा, झाकणावरचा उठाव कापा. तरी भागत नसेल तर बाहेरचा डबा कप्प्याऐवजी 400 जीएसएमच्या घडीच्या बोर्डाचा करा आणि भिंती दुहेरी दुमडून घ्या, सव्वा किलो पेलतो, फक्त ट्रेला टेकायची पट्टी कोरुगेटेडची ठेवा. पेढ्याचा सुटा डबा, चिवड्याचं हवाबंद पाकीट, लाडवाखालचा बटर पेपर आणि प्रत्येक डब्यावरची तारीख यातलं काहीच कापू नका. आणि छोट्या दुकानाला दोनशे-तीनशेच हॅम्पर लागत असतील तर डबा एकरंगी साधा तयार मापात घ्या, फक्त स्लीव्ह आणि आतले छोटे डबे आपल्या मापाचे करून घ्या, त्यांचा डाय स्वस्तात बनतो अन् पुढच्या वर्षी पण चालतो.